उजव्या कानातला ठोका

मोटर बंद होती. वायर काढलेली होती. तरी आवाज येत होता.

जीनतने पेचकसाची मूठ कानाला तशीच दाबून ठेवली. टोक बेअरिंगच्या घरावर. समोर मोनोब्लॉक पंप थंड पडलेला, शाफ्ट हलत नाही, आणि कानात फस्स, फस्स, फस्स. तिने पेचकस बाजूला घेतला. आवाज गेला नाही. आपण काहीच धरलेलं नाही, तरी ऐकू येतंय, हे लक्षात आल्यावर तिने हात पदराला पुसले आणि उगाचच बाकड्यावरची तांब्याची तार सारखी करायला घेतली.

कौतिकनाना दारात स्टुलावर बसले होते. एरंडोलकडचा माणूस, मोटर घ्यायला आलेला. त्यांनी सगळं पाहिलं होतं. आधीच ते रागात होते. चांगल्या मोटरीचं बेअरिंग जीनतने बदललं होतं आणि वर रोटर खराब आहे म्हणाली होती.

"बेटी, मन्ही मोटर चांगली शे," ते म्हणाले. "तुना कान बिघडना."

जीनत हसली नाही. एरवी हसली असती.

जळगावात बायका कॉइल गुंडाळतात, पण घरात बसून. दुकानात बसून, मोटर खोलून, गिऱ्हाइकाशी भांडणारी बाई म्हणजे जीनत. माहेर धुळ्याचं. वडील नजीरभाई रिवाइंडिंगवाले, जळक्या मोटरीत नवी तार भरणारे. त्यांच्या दुकानात ती लहानपणापासून तार मोजायची, वार्निश लावायची. हसीब हा तिचा धाकटा भाऊ. त्याला त्या कामाचा कंटाळा होता, म्हणून वडिलांनी सगळं जीनतला शिकवलं. लग्न होऊन जळगावला आली तेव्हा नवरा आमिर विहिरीतून पंप काढायचा आणि दुरुस्तीला दुसऱ्याकडे न्यायचा. तिने एकदा विचारलं, दुसऱ्याकडे कशाला? तेव्हापासून आमिर मळ्यात फिरतो आणि ती दुकानात बसते. मोटर आली की ती आधी चालू करून पेचकस कानाला लावते, मग खोलते. खोलल्यावर काही तरी निघतंच, हे तिचं म्हणणं. खोलल्याशिवाय कुणी काही सांगत असेल तर तो फेकतोय, हेही तिचंच म्हणणं.

गेल्या काही महिन्यांत प्रत्येक मोटरीत तिला एकच खोड ऐकू यायला लागली होती. आवाज चढतो, उतरतो, चढतो. रोटरची पट्टी सुटली की असा हेलकावा येतो. ती गिऱ्हाइकाला तसं सांगायची. रोटर बघून घ्या. काही जण ऐकायचे. काही जण मोटर उचलून शेजारच्या गल्लीत न्यायचे, तिथे ती ठणठणीत निघायची. आमिरला मळ्यात टोमणे ऐकावे लागायचे. तुझ्या बायकोला आता सगळ्याच मोटरी आजारी दिसतात का, असं लोक विचारायचे. तो घरी येऊन सांगायचा, हसत. ती भांडायची. तिला खरंच ऐकू येत होतं.

आता कळलं की मोटरीत काही नव्हतं.

त्या दिवसापासून ती एका जागी बसेना. बसली की आवाज मोठा व्हायचा. कुशीवर झोपून उजवा कान उशीत गेला की उशीतच कुणी भाता ओढतंय असं वाटायचं. जिना चढली की ठोके पळायचे. ती दुकानात पंखा पूर्ण वेगात ठेवायला लागली, रेडिओ लावायला लागली. रेडिओच्या मागेही तो होताच. मुलगी नाजमीन कॉलेजातून आली की दोन वेळा हाक मारायची, कारण उजव्या बाजूने अम्मीला कमी ऐकू यायचं. कमी ऐकू येतं आणि आत एवढा आवाज, हे काय गणित आहे, असं जीनत म्हणायची. नाजमीनने मोबाईलवर शोधून पाहिलं. जीनतने तिला फोन बंद करायला लावला.

आमिर तिला जळगावच्याच एका कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तरुण डॉक्टर, नवा दवाखाना. त्यांनी दिवा लावून आत पाहिलं. पडद्यामागे लाल दिसतंय म्हणाले. रक्त साठलं असावं, किंवा छोटी गाठ. पडद्याला बारीक छेद देऊ, काय आहे ते बाहेर येईल, गाठ असेल तर तुकडा तपासायला पाठवू. शनिवारी या. भूल द्यायचीही गरज नाही, औषध टाकून बधिर करू.

जीनतला एकदम हलकं वाटलं. खोलायचं म्हणतोय. हा माणूस तिला पटला.

धुळ्याला जायचं कारण वेगळंच होतं. हसीबच्या घरी अकीका होता, सात महिन्यांच्या बाळाच्या नावाने द्यायचं, लांबलेलं जेवण. जाऊन लगेच परत यायचं असं ठरवून ती बसली बसमध्ये. पारोळा येईपर्यंत तिने तीन वेळा जागा बदलली. उजवा कान इंजिनाकडे केला तर बरं वाटतं, हे तिला तेव्हा कळलं.

हसीबची बायको जरीना सरकारी रुग्णालयात परिचारिका होती, कान-नाक-घशाच्या ओपीडीत. बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या जीनतचा पाय सारखा हलतोय हे तिने पाहिलं. स्वयंपाकघरात बोलावून विचारलं. जीनतने सांगितलं, जसं मोटरीचं सांगतात तसं. लाल आहे, आवाज येतो, शनिवारी छेद देणार.

जरीनाच्या हातातला चमचा थांबला. "आपा, तो आवाज ठोक्याठोक्याने येतो का?"

"हो."

"मग उद्या माझ्याबरोबर चल. मॅडम बघतील. मग शनिवारी जा हवं तर."

जीनत म्हणाली, एकाने पाहिलं ना. दुसऱ्याने पाहून काय वेगळं दिसणार? पण जरीना शांत, हट्टी बाई होती. सकाळी ती जीनतची चप्पल हातात घेऊनच दारात उभी राहिली.

मॅडम म्हणजे डॉ. कोकिळा. पन्नाशीच्या, बारीक, चष्मा कपाळावर ठेवून बोलणाऱ्या. ओपीडीत पाय ठेवायला जागा नव्हती. जीनतची पाळी आली तेव्हा त्यांनी सूक्ष्मदर्शक कानावर आणलं आणि खूप वेळ पाहिलं. मग रबरी फुग्याने कानात जरा हवा दाबली आणि पुन्हा पाहिलं. मग नादकाटा वाजवून कपाळावर ठेवला. कुठे ऐकू येतो? उजवीकडे, जीनत म्हणाली. चांगला कान डावा, आणि ऐकू येतंय उजवीकडे. तिला त्याचंही आश्चर्य वाटलं. मग मॅडमनी मानेच्या शिरेवर बोट हलकेच दाबलं. आवाज कमी होतो? नाही. स्टेथोस्कोप कानाजवळ लावून त्या ऐकत राहिल्या.

"डोळे मिटा," त्या म्हणाल्या. "कानात ठोका पडला की बोट वर करा. जरीना, तू हिची नाडी धर आणि मोठ्याने बोल."

जीनतने डोळे मिटले. जरीनाची बोटं मनगटावर आली. एक, जरीना म्हणाली. एक, एक, एक. जीनतचं बोट वर जात होतं. ओपीडीतले लोक बघायला लागले. कुणी तरी हसलं. मॅडमनी डोळे उघडायला सांगितलं तेव्हा जरीनाचा चेहरा बदललेला होता. तिचं एक आणि जीनतचं बोट एकदाही मागेपुढे झालं नव्हतं.

मॅडमनी स्टूल जवळ ओढलं. "हा आवाज तुमच्या रक्ताचा आहे. तुमच्या पडद्यामागे जे लाल आहे, ते रक्तवाहिनीचं काही तरी आहे. छेद द्यायचा नाही."

"छेद दिल्याशिवाय कळणार कसं?" जीनत म्हणाली. "आमच्याकडे खोलल्याशिवाय काही कळत नाही."

"तुमच्याकडे खोलल्यावर मोटर थांबलेली असते." मॅडम हसल्या नाहीत. "इथे ती चालू असते."

मग त्यांनी समजावलं, घाईत, पुढचा रुग्ण टेबलाशी उभा असताना. पडद्यामागे असं काही दिसलं की आधी तीन गोष्टी मनात आणायच्या. एक, रक्तवाहिन्यांच्याच गुंत्याची बनलेली छोटी गाठ. ती लाल दिसते आणि धडधडते. दुसरी, मानेकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेचा फुगवटा वर आलेला असतो. तो निळसर असतो, पण दिसण्यावर फार विसंबून राहता येत नाही. तिसरी, मेंदूकडे जाणारी मोठी धमनी. ती कानाच्या पुढून, हाडाच्या नळीतून जायला हवी. कुणाकुणात तिची वाट जन्मापासून चुकलेली असते. ती थेट कानाच्या पोकळीतून जाते.

"आणि छेद देताना तिला लागलं तर?" जरीनाने विचारलं. तिला माहीत होतं. तिने जीनतसाठी विचारलं.

"गाठीतून आलेलं रक्त दाबून थांबवता येतं. धमनीतून आलेलं थांबवणं कठीण. माणूस जातो, किंवा अर्धं अंग जातं." मॅडमनी चष्मा खाली घेतला. "म्हणून आधी स्कॅन. हाडाचा बारीक स्कॅन. लागला तर रंग टाकून धमन्यांचाही."

स्कॅनची तारीख सोमवारची मिळाली. रुग्णालयाचं मशीन एकच, रांग मोठी.

सोमवार शनिवारनंतर येत होता.

जळगावला परत आल्यावर जीनत पुरती बिथरली. आवाज आता वेगळा झाला होता. आधी तो आवाज होता, आता तो रक्त होता. ताट वाढताना, हिशेब सांगताना, ती मध्येच थांबायची. आमिर म्हणाला, थांब ना सोमवारपर्यंत, काय होतंय? तिने त्याला सुनावलं. तुझ्या कानात पंप चालू असता तर तू विहीर सोडून पळाला असतास. तिला वाटत होतं, मॅडम घाबरवतात. सरकारी लोक घाबरवतात. एकीने तीन गोष्टी सांगितल्या आणि एकही नक्की सांगितली नाही. जळगावचा डॉक्टर तरी म्हणाला, छेद देऊ, काय आहे ते बाहेर येईल.

शनिवारी ती गेली. जरीनाला कळवलं नाही. आमिर बाहेर बाकावर बसला.

आत स्वच्छ, थंड खोली. तिला डाव्या कुशीवर झोपवलं, उजवा कान वर. डॉक्टरांनी तिचं बोलणं ऐकून घेतलं, धुळ्याचं सगळं. अशा केसेस फार क्वचित असतात, म्हणाले. पुस्तकात जास्त, दवाखान्यात कमी. मी जरा काळजी घेईन. त्यांच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यांनी बधिर करायचं औषध टाकलं. थंड थेंब आत गेला आणि आवाज जवळ आला. डोक्याखाली कापड होतं, तोंडावर हिरवं कापड, आणि त्या कापडाखाली फक्त फस्स, फस्स, फस्स.

"हलू नका आता," डॉक्टर म्हणाले. ट्रेमध्ये काही तरी वाजलं.

ती हलली नव्हती. पण हिरव्या कापडाच्या कडेतून तिला आपला हात दिसत होता. तर्जनी वर जात होती. खाली. वर. धुळ्यातल्यासारखी, कुणी सांगितलं नसताना. तिने ती मिटून घ्यायचा प्रयत्न केला. मिटेना. जरीनाचा आवाज तिला आठवला, एक, एक, एक.

ती उठून बसली. हिरवं कापड खाली पडलं.

"काय झालं?"

नको, एवढंच ती म्हणाली. डॉक्टर वैतागले. परत तारीख लवकर मिळणार नाही म्हणाले. नर्सने ट्रे झाकला. बाहेर आमिर उभा राहिला, तिचा चेहरा पाहिला आणि रिक्षा बघायला गेला. दुपारभर तिला स्वतःचाच राग आला. आपण पळून आलो, असं वाटत होतं. आवाज तर होताच.

सोमवारी धुळ्याला स्कॅनच्या खोलीत कुंदन नावाचा तंत्रज्ञ होता. बाई, पाच मिनिटं दगडासारखं पडायचं, म्हणाला. जीनत म्हणाली, दगडाला कान नसतात. तो हसला. मशीनचं कडं डोक्याभोवती फिरायला लागलं. मोटरसारखाच आवाज, आणि त्याच्याखाली तिचा. पहिला स्कॅन झाल्यावर तिला उठवलं नाही. काचेपलीकडे कुंदनने कुणाला तरी बोलावलं. क्ष-किरण विभागाचे डॉक्टर आले, वाकून पाहिलं, मग मॅडमना फोन लावला. काचेमुळे ऐकू काही येत नव्हतं. ती फक्त तोंडं हलताना बघत होती.

जरीना आत आली. "आपा, आत्ताच रंगाचाही करून घेऊ म्हणतात. किडनीचा रिपोर्ट चांगला आहे तुझा. गरम लागेल, घाबरू नको."

हातातल्या सुईतून रंग गेला. घशात, छातीत, पोटाखाली ऊब पसरली, लघवी झाली की काय असं वाटलं. मग ते ओसरलं.

संध्याकाळी मॅडमनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. डावी बाजू आधी दाखवली. मानेतून वर येणारी पांढरी नळी, तिच्याभोवती हाडाची दुसरी नळी, मग कानाच्या पुढून ती वळते. मग उजवी. इथे हाडाची नळीच नव्हती. धमनी बारीक होऊन मागच्या बाजूने एका छिद्रातून कानाच्या पोकळीत शिरली होती, आतल्या कानाच्या उंचवट्यावरून पडद्याच्या अगदी मागून गेली होती, आणि पुढे जाऊन पुन्हा आपल्या वाटेला लागली होती.

जीनतला चित्र वाचायची सवय होती, वाइंडिंगची. तिने बोटाने ती वाट काढली. बोट पडद्यापाशी आल्यावर थांबलं.

"छेद इथे देणार होते?"

"हो."

"जन्मापासून आहे?"

"जन्मापासून."

"मग आत्ताच का ऐकू यायला लागलं?"

मॅडमनी स्कॅनआधी काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट पुढे केला. हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. पाळीत फार रक्त जातं का, त्यांनी विचारलं. जीनतने मान हलवली. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, रक्त पातळ झालं की हृदय जोरात ढकलतं, प्रवाह वेगाने जातो, आणि अरुंद जागी आवाज करतो. रक्त भरलं की आवाज उतरेल. कदाचित पूर्ण जाणार नाही. पाळीचं बायकांच्या डॉक्टरांना दाखवायचं. धमनीला हात लावायचा नाही. तिला तिथेच राहू द्यायचं.

"म्हणजे काढता येणार नाही."

"काढायचं काही नाहीच, जीनतबाई. ती तुमच्या मेंदूला रक्त देते."

जीनतला उलट राग येत होता. गाठ असती तर काढली असती. मोटरीत खोड निघाली की ती भरते, बदलते, गिऱ्हाईक घेऊन जातं. इथे खोडच नव्हती. वाट चुकलेली होती आणि ती तशीच चालणार होती. जरीनाने तिच्या पाठीवर हात ठेवला. जीनतने तो झटकला, मग परत धरला.

नाजमीनचा कान तेवढा बघून घ्या, एवढंच ती शेवटी म्हणाली. हे घरात चालत येत नाही सहसा, मॅडम म्हणाल्या, पण घेऊन या, बघते.

बुधवारी ती जळगावच्या त्या डॉक्टरांकडे गेली. आमिर नको म्हणत होता. भांडायला जातेयस का, त्याने विचारलं. तिला स्वतःलाही नक्की माहीत नव्हतं. बाहेर रांग होती. ती उभीच राहिली, बसली नाही. आत गेल्यावर तिने सीडी टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी ती लॅपटॉपमध्ये घातली. एक चित्र पुढे सरकवलं, मग मागे घेतलं. मग पुढे. खूप वेळ. शनिवारी त्यांनी तिला हलू नका म्हटलं होतं, आता तेच हलत नव्हते. कंपाउंडरने दार उघडून पुढच्या रुग्णाचं नाव घेतलं. डॉक्टरांनी हाताने थांब म्हटलं.

"शनिवारी तुम्ही उठलात," ते म्हणाले.

"हो."

"मी वैतागलो होतो."

"हो," ती म्हणाली. भांडण तिच्या तोंडाशी आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते बाहेर पडेना. हा पोरगा तिच्या नाजमीनपेक्षा फार मोठा नव्हता.

त्यांनी विचारलं, याची प्रत ठेवून घेऊ का. ठेवा, ती म्हणाली. त्यांनी ती उतरवून घेतली, सीडी परत पाकिटात घातली. मग जरा थांबून विचारलं, आवाज?

"चालू आहे."

"फार त्रास होतो?"

"होतो." जीनतने पाकीट पिशवीत टाकलं. "पण बंद पडला तर तुमच्याकडे येणार नाही मी. थेट कबरस्तानात."

डॉक्टरांना हसायचं की नाही कळेना. ते उठले आणि तिच्याबरोबर दारापर्यंत आले. बाहेरच्या रांगेत एक बाई कानाला कापूस लावून बसली होती. तिला आत बोलावण्याआधी त्यांनी कंपाउंडरला हाक मारली आणि कानाचा मोठा दिवा, जीनतच्या वेळी न वापरलेला, बाहेर काढून ठेवायला सांगितला. जीनत जिना उतरायला लागली. ठोके वाढले. तिने कठड्याला हात लावला आणि पुढची पायरी हळू उतरली.